पीएस५साठी टीव्ही की गेमिंग मॉनिटर? खोक्यावरचा १ मिलिसेकंद आणि हाताला जाणवणारा उशीर

प्रश्न: माझ्याकडे पीएस५ आहे आणि हॉलमध्ये चार वर्षांपूर्वीचा ४३ इंची ४के टीव्ही. मी आणि धाकटा भाऊ सोफ्यावर बसून, साधारण सात फुटांवरून, ईए एफसी खेळतो. रात्री मी एकटा कॉल ऑफ ड्यूटी किंवा घोस्ट ऑफ त्सुशिमा खेळतो. पासचं बटण दाबलं की खेळाडू उशिरा हलतो असं सारखं वाटतं. दुकानदार म्हणाला, टीव्हीचा लॅग १० मिलिसेकंद असतो, गेमिंग मॉनिटरचा १, तेव्हा २७ इंची मॉनिटर घ्या. घेऊ का? की मोठा टीव्ही बरा? आणि आयपीएस, व्हीए, ओलेड यांतलं कोणतं पॅनेल घ्यावं?

उत्तर:

या कारणासाठी मॉनिटर घेऊ नका. दुकानदाराने सांगितलेले दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. टीव्हीचे १० मिलिसेकंद हा इनपुट लॅग आहे आणि मॉनिटरच्या खोक्यावर छापलेला १ मिलिसेकंद हा रिस्पॉन्स टाइम. पत्र घरी पोचायला लागलेला वेळ आणि त्यावरची शाई वाळायला लागलेला वेळ यांची तुलना केल्यासारखं आहे हे. पैसे कुठे घालायचे ते ठरवण्याआधी हे दोन वेळ सुटे करून पाहू.

कन्सोलकडून चित्र एचडीएमआय केबलमधून टीव्हीत शिरतं, तिथपासून ते पडद्यावर उमटायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग. या मधल्या वेळात टीव्ही चित्रावर काम करत असतो. नॉइज कमी करतो, कडा धारदार करतो, रंग खुलवतो आणि सगळ्यात घातक म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची तिसरी फ्रेम बनवतो. मेनूत याला MEMC किंवा Motion Smoothing असं काहीतरी नाव असतं. दोन फ्रेममधली फ्रेम बनवायची तर दुसरी फ्रेम आधी हातात यावी लागते. म्हणजे टीव्हीला मुद्दाम थांबावंच लागतं. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि बहुतेक टीव्ही एकापेक्षा जास्त फ्रेम अडवून धरतात. म्हणून Standard किंवा Vivid मोडमध्ये ५० ते १०० मिलिसेकंदांचा लॅग सहज निघतो, कधी त्याहूनही जास्त. गेम मोड लावला की हे जवळजवळ सगळं काम बंद होतं आणि त्याच टीव्हीचा लॅग १० ते १५ मिलिसेकंदांवर येतो.

आता त्या १० मिलिसेकंदांत काय काय आहे ते पाहा, कारण दुकानदाराची गल्लत नेमकी इथे झाली आहे. पडदा चित्र एकदम दाखवत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवतो. ६० हर्ट्झला वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जायला त्याला १६.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पडद्याच्या मध्यावर तो ८.३ मिलिसेकंदांनी पोचतो. लॅग साधारणपणे मध्यावरच मोजतात. म्हणून ६० हर्ट्झच्या सिग्नलवर उत्तम मॉनिटरसुद्धा ८-९ मिलिसेकंदांच्या खाली सहसा येत नाही. चांगला टीव्ही गेम मोडमध्ये १० दाखवत असेल, तर मॉनिटरच्या तुलनेत तो दीड-दोन मिलिसेकंदच मागे आहे. हा फरक हाताला कळत नाही. हाताला कळतो तो गेम मोड आणि Standard मोड यांतला फरक, आणि माझा अंदाज आहे की तुम्ही आज त्याच फरकाशी झगडता आहात.

अंदाजावर थांबू नका, मोजून पाहा. फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर पुरे. कंट्रोलर पडद्यासमोर असा धरा की अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील. एफसीच्या सराव मैदानात जाऊन शूटचं किंवा पासचं बटण जोरात दाबा. मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण खाली गेलेल्या फ्रेमपासून खेळाडूच्या पायाची पहिली हालचाल दिसेपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. दहा वेळा करा आणि सरासरी काढा, कारण बटण कन्सोलच्या फ्रेममध्ये कोणत्या क्षणी पडलं त्यावर दर वेळी चार-पाच फ्रेम इकडेतिकडे होतात.

तुमच्यासारख्याच एका ४३ इंची टीव्हीवर मी हे केलं होतं. Standard मोडमध्ये सरासरी ४१ फ्रेम आल्या, म्हणजे १७१ मिलिसेकंद. गेम मोडमध्ये २३, म्हणजे ९६. या ९६ मध्ये कंट्रोलर, कन्सोल, खुद्द गेमचा स्वतःचा उशीर आणि टीव्ही असं सगळं आलं, आणि त्यातला मोठा वाटा गेमचा असतो. तो कुठलाही पडदा कमी करू शकत नाही. पण दोन मोडमधल्या १८ फ्रेम, म्हणजे ७५ मिलिसेकंद, हा निखळ टीव्हीचा उशीर होता आणि तो एका सेटिंगने गेला. त्या घरातही मॉनिटर घ्यायचं जवळपास ठरलं होतं.

गेम मोड लावताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे तो बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो. सफाई करताना कुणी केबल दुसऱ्या पोर्टला लावली की मोड गेला. नवे टीव्ही कन्सोल ओळखून आपोआप गेम मोडमध्ये जातात, पण चार वर्षांपूर्वीच्या स्वस्त टीव्हीवर ही सोय असेलच असं नाही. दुसरं म्हणजे काही टीव्हींवर गेम मोड लावूनही MEMC चालूच राहतं. ते हाताने बंद करा. शिवाय कन्सोल साउंडबारमधून फिरवून टीव्हीला लावला असेल तर मोजणीपुरता तो थेट टीव्हीला जोडा.

एवढं केल्यावर एफसीमधला उशीर गेला, तर तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग बिनपैशात सुटला. उरलेला निम्मा कॉल ऑफ ड्यूटी आणि त्सुशिमाचा आहे, आणि तिथे रिस्पॉन्स टाइम आणि पॅनेल यांचा विचार करावाच लागतो.

रिस्पॉन्स टाइम म्हणजे एका पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. एलसीडीमध्ये द्रवस्फटिकाचे रेणू प्रत्यक्ष वळावे लागतात आणि सगळी वळणं सारख्या वेगाने होत नाहीत. खोक्यावरचा १ मिलिसेकंद हा सगळ्यात सोप्या वळणाचा, सगळ्यात आक्रमक ओव्हरड्राइव्हवर मिळालेला आकडा असतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला लवकर वळवण्यासाठी दिलेला जास्तीचा व्होल्टेजचा धक्का. तो धक्का जास्त झाला की पिक्सेल ठरलेल्या छटेच्या पलीकडे जाऊन मागे येतो आणि हलत्या वस्तूच्या मागे फिकट किंवा रंगीत सावली दिसते.

कन्सोलवाल्यांनी इथेच सावध राहायला हवं. १६५ हर्ट्झचा मॉनिटर त्याच्या वरच्या वेगासाठी जुळवलेला असतो. एफसी मात्र पीएस५वर ६० फ्रेमनेच चालतो. त्या वेगाला १६५ हर्ट्झसाठी बेतलेला धक्का फार मोठा पडतो आणि सावल्या दिसतात. महागडे मॉनिटर वेग पाहून धक्का कमी-जास्त करतात, स्वस्तातले बहुधा करत नाहीत. अशा मॉनिटरवर ओव्हरड्राइव्हचं सेटिंग Normal किंवा मधल्या पायरीवर ठेवा, Extreme किंवा Fastest वर नको. मॉनिटर निवडताना तो ६० आणि १२० हर्ट्झला कसा वागतो तेवढं पाहा. त्याच्या वरचे वेग तुमचा कन्सोल कधी वापरणारच नाही.

काही खोक्यांवर १ मिलिसेकंदाच्या पुढे MPRT असं लिहिलेलं असतं. तो पिक्सेल वळण्याचा वेळच नव्हे. तिथे प्रत्येक फ्रेमनंतर पडद्यामागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, विझवून डोळ्याला दिसणारा धूसरपणा कमी केलेला असतो. त्याने उजेड घटतो, ६० हर्ट्झला पडदा लुकलुकतो, म्हणून ही सोय बहुधा वरच्या वेगालाच चालू होते. कन्सोलसाठी हा आकडा सोडून द्या.

धूसरपणाचं एक कारण तर पिक्सेलच्या वेगापलीकडचं आहे. ६० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद तशीच स्थिर राहते आणि डोळा मात्र वस्तूच्या मागे सरकत असतो. सेकंदाला ९६० पिक्सेल धावणारी वस्तू त्यामुळे साधारण १६ पिक्सेल पुसट दिसते, पिक्सेल कितीही चपळ असले तरी. १२० हर्ट्झला तीच वस्तू ८ पिक्सेल पुसट दिसते. कॉल ऑफ ड्यूटी पीएस५वर १२० हर्ट्झने चालतो, त्यामुळे त्या गेमसाठी ५ मिलिसेकंदांऐवजी १ मिलिसेकंदाचा पडदा घेण्यापेक्षा ६० वरून १२० वर जाणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. लॅगही घटतो, कारण मध्यापर्यंतचा प्रवास ८.३ ऐवजी ४.२ मिलिसेकंदांत होतो आणि गेमसुद्धा तुमचं बटण दुप्पट वेळा वाचतो.

आता पॅनेल. तुमच्याच तीन गेमवरून सांगतो, म्हणजे पारख करता येईल.

व्हीए पॅनेलचा काळा रंग चांगला काळा असतो, कॉन्ट्रास्ट ३००० ते ५००० ला १ च्या घरात. अंधाऱ्या खोलीत चित्राला खोली येते. त्याचं दुखणं एकच, पण ठसठशीत: काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याचे पिक्सेल आळशी असतात. २०-३० मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे एक फ्रेम संपून दुसरी येते तरी आधीची पुसलेली नसते. त्सुशिमात रात्रीच्या जंगलात घोडा दौडवत कॅमेरा फिरवा. झाडांच्या काळ्या खोडांमागे शाईचा फराटा ओढल्यासारखी काळी शेपटी दिसेल. हेच पॅनेल एफसीमध्ये निर्धोक वाटतं, कारण हिरवं मैदान, पांढरा चेंडू आणि रंगीत जर्सी या सगळ्या मधल्या आणि उजळ छटा आहेत, तिथे व्हीए पुरेसं चपळ असतं. म्हणून कुणी 'व्हीए वाईट' म्हणालं तर तो काय खेळतो ते आधी विचारा.

आयपीएस सगळ्या छटांना बऱ्यापैकी एकसारखा वेग देतं. चांगल्या मॉनिटरवर खरी सरासरी ५-६ मिलिसेकंदांच्या आसपास असते, आणि बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसत असाल तर हा मोठा फायदा आहे. पण कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास. दिवे मालवून त्सुशिमा खेळलात तर रात्रीचं आकाश काळ्याऐवजी राखाडी दिसेल आणि कोपऱ्यांत उजेड झिरपल्यासारखा वाटेल. अशा मॉनिटरवर DisplayHDR 400 असं लेबल दिसलं तर त्यावर पैसे मोजू नका. त्या पायरीला बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची अट नाही, त्यामुळे एचडीआरचा, म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवण्याचा, खरा परिणाम मिळतच नाही.

ओलेडमध्ये वळायला रेणूच नाहीत. पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो, मिलिसेकंदाच्याही आत. काळा म्हणजे पूर्ण काळा. त्सुशिमा एकदा ओलेडवर रात्री पाहिला की मागे जाणं कठीण होतं, हे मी मनापासून सांगतो. पण त्याच्या चपळाईचा एक उलटा परिणाम आहे. ३० फ्रेमच्या गेममध्ये एलसीडीचा धूसरपणा दोन फ्रेममधली उडी झाकतो, ओलेड ती उघडी दाखवतं आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र अडखळल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे. पीएस५च्या Settings मध्ये Saved Data and Game/App Settings, त्यात Game Presets, तिथे Performance Mode निवडा, म्हणजे ज्या गेममध्ये सोय आहे तो जास्त फ्रेमने सुरू होईल.

तर निर्णय. सात फुटांवरून दोघांनी एफसी खेळायचा असेल तर २७ इंची पडदा फार छोटा पडतो. मैदानाच्या खालचा रडार आणि खेळाडूंची नावं वाचायला तुम्ही पुढे वाकून बसाल. तो आकार टेबलावर, अडीच-तीन फुटांसाठी आहे. त्याला टीव्हीसारखे स्पीकर क्वचितच असतात, आणि कन्सोल चालू केला की तो टीव्हीसारखा आपोआप योग्य इनपुटवर येईलच असंही नाही. तुमच्यासाठी माझा सल्ला: आत्ता गेम मोड लावून हाच टीव्ही चालवा, पैसे साठवा, आणि घ्यायचा तेव्हा खऱ्या १२० हर्ट्झ पॅनेलचा ५५ इंची टीव्ही घ्या. झेपला तर ओलेड, नाही तर मिनी एलईडीचा, म्हणजे बारीक दिव्यांचा बॅकलाइट भागाभागाने मंद होणारा, व्हीए. मोठ्या आणि महाग व्हीए टीव्हींमध्ये ती काळी शेपटी स्वस्त मॉनिटरइतकी लांब नसते, तरी दुकानात अंधारं दृश्य लावून पाहाच.

मॉनिटर मी एकाच परिस्थितीत सुचवीन: कॉल ऑफ ड्यूटी हाच तुमचा मुख्य खेळ असेल आणि बेडरूममध्ये टेबलावर एकट्याने खेळणार असाल तर. मग २७ इंची, १४४०पी, आयपीएस, आणि एचडीएमआय २.१ पोर्टचा. शेवटची अट सोडू नका. १६५ हर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं, पण अनेक मॉनिटरवर तो वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो आणि कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो. १४४०पी आणि १२० हर्ट्झ एवढं एचडीएमआय २.० वरही जातं, मात्र पीएस५चं व्हीआरआर, म्हणजे फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी पडद्याने त्यांच्याशी जुळवून घेणं, एचडीएमआय २.१ च्या पद्धतीवरच चालतं. नुसत्या फ्रीसिंकच्या, म्हणजे एएमडीच्या तशाच सोयीच्या, लेबलवर ते चालत नाही. एक्सबॉक्सला फ्रीसिंक चालतं, म्हणून एक्सबॉक्सवाल्या मित्राचा मॉनिटर तुमच्याकडे तसाच वागेल असं धरू नका. पीएस५च्या व्हीआरआरचा पल्ला ४८ ते १२० हर्ट्झ आहे. एफसी ६० वर स्थिर असतो, त्याला याची गरज फारशी पडत नाही. १२० वरून खाली-वर होणाऱ्या कॉल ऑफ ड्यूटीला पडते.

टीव्हीच्या बाबतीत '१२०' या आकड्याची वेगळी तपासणी लागते. Motion Rate 120, MEMC 120 अशा शब्दांचा अर्थ पॅनेल १२० हर्ट्झचं आहे असा होत नाही. बऱ्याचदा ते ६० हर्ट्झचंच असतं आणि मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः घालतो. काही टीव्ही ६० हर्ट्झच्या ४के पॅनेलवर दोन-दोन ओळी एकत्र रंगवून १२० हर्ट्झ देतात. तिथे लॅग खरंच कमी होतो, पण उभी स्पष्टता निम्मी होते. विक्रेत्याला नेमकं विचारा: ४के १२० हर्ट्झ सिग्नल कोणत्या पोर्टवर घेतो? बऱ्याच टीव्हींवर चारपैकी दोनच पोर्ट तसे असतात आणि त्यातला एक बहुधा साउंडबारचाही असतो.

तोंडी उत्तरावर विसंबू नका. ओळखीचं दुकान असेल तर आपला पीएस५ सोबत घेऊन जा आणि तो त्या पोर्टला लावा. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा सिग्नल Enhanced किंवा तत्सम पायरीवर करावा लागतो, नाही तर १२० हर्ट्झ टीव्हीत असूनही कन्सोलला दिसत नाही. मग Settings, Screen and Video, Video Output या वाटेने जाऊन Enable 120 Hz Output हे Automatic वर ठेवा, मॉनिटर असेल तर तिथलंच Test 1440p Output चालवा, आणि Video Output Information उघडा. तो पडदा काय काय घेऊ शकतो ते तिथे लिहून येतं. मेनूत असताना ६० हर्ट्झ दिसलं तर घाबरू नका, १२० चा आकडा तशा गेममध्ये शिरल्यावरच येतो. कॉल ऑफ ड्यूटी चालू करून त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ लावा, मग PS बटणाने बाहेर येऊन तेच पान पुन्हा बघा.

ओलेड घेतलात तर एक घरगुती सवय बदलावी लागेल. आपल्याकडे रात्री टीव्हीचा भिंतीवरचा स्विच बंद करतात. ओलेड टीव्ही काही तास वापरल्यानंतर, रिमोटने बंद असताना, पिक्सेलची झीज समतोल करण्याचं काम आपलं आपण करतो, आणि त्याला त्या वेळी वीज लागते. एफसीचा स्कोअरबोर्ड तासन्‌तास एकाच कोपऱ्यात असतो, तेव्हा हे काम चुकवून चालणार नाही. रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचा स्विच चालूच राहू द्या. वीज कमी-जास्त होण्याची भीती असेल तर मध्ये स्टॅबिलायझर लावा.